स्ट्रिपवरचं नाव, टोकावरची तारीख

दहा गोळ्यांची स्ट्रिप हातात घेतली की बोटांना बरंच काही कळतं. किती गोळ्या उरल्या, गोळी गोल आहे की लांबट, एका बाजूला प्लॅस्टिकचे फुगे आहेत की दोन्हीकडून फॉइल, हे सगळं चाचपून समजतं. पण गोळीचं नाव, तिची ताकद आणि तिची मुदत या तीन गोष्टी बोटांना कधीच कळत नाहीत, आणि औषध घेताना नेमक्या त्याच लागतात. युरोपीय संघात २००४ सालच्या निर्देशानुसार औषधाच्या खोक्यावर नाव ब्रेलमध्ये उठवणं बंधनकारक झालं. आपल्याकडे तसं बंधन नाही, आणि बहुतेक वेळा औषध दुकानातून खोक्याशिवाय, नुसती स्ट्रिप म्हणूनच हातात पडतं.

मी स्वतः अंध आहे आणि रोज गोळ्या घेतो. माझ्यासारख्या माणसाच्या खिशातला फोन आता हे वाचून दाखवू शकतो. मायक्रोसॉफ्टचं ‘सीइंग एआय’ २०१७ मध्ये आयफोनवर आलं आणि २०२३ च्या अखेरीस अँड्रॉइडवर. गूगलचं ‘लुकआउट’ अँड्रॉइडवर आहे. ‘एन्व्हिजन’ हे नेदरलँड्समध्ये दोन भारतीयांनी उभं केलेलं ॲप. ‘बी माय आईज’ २०१५ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालं. त्यात व्हिडिओ कॉलवर डोळस स्वयंसेवक मदत करतात, आणि २०२३ पासून फोटोचं वर्णन करणारी सोयही त्यात आहे. ही ॲप कशी मिळवायची हे कुणीही सांगेल. त्यांनी वाचलेलं कितपत खरं मानायचं, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं. तेच इथे एका स्ट्रिपच्या आधाराने सांगतो.

आधी स्ट्रिप कशी छापली जाते ते समजून घेऊ, कारण पुढची निम्मी गुंतागुंत तिथूनच येते. गोळ्यांवर बसणारी फॉइल मोठ्या रिळावर आधीच छापून तयार असते. तिच्यावर औषधाचं नाव, घटक, साठवणुकीची सूचना, कंपनीचा पत्ता असा न बदलणारा मजकूर असतो. रीळ सलग चालत असल्यामुळे तोच मजकूर एका स्ट्रिपवर अनेकदा येतो, पुष्कळदा तिरका. बॅच नंबर, उत्पादनाचा महिना, मुदतीचा महिना आणि किंमत मात्र दर बॅचला बदलते. म्हणून ती गोळ्या बंद करताना वेगळी ठोकली जाते, सहसा स्ट्रिपच्या एका टोकाला आणि एकदाच. त्यामुळे नाव ठळक आणि अनेकदा, तर तारीख बारीक, फिकट आणि एकदाच, अशी स्थिती असते. काही स्ट्रिपवर तारखेला शाईच नसते, अक्षरं नुसती दाबून उठवलेली असतात. चकाकत्या फॉइलवरची बिनशाईची अक्षरं कॅमेऱ्याला जवळजवळ दिसतच नाहीत. पण त्यातून एक फायदाही होतो. दोन्ही टोकांवरून बोट फिरवलं तर ज्या टोकाला खरखरीत उठाव लागतो, तिथे तारीख आहे हे कॅमेरा उघडण्याआधीच कळतं.

आता प्रत्यक्ष वाचन. ॲम्लोडिपिन हे रक्तदाबाचं अगदी सर्रास दिलं जाणारं औषध उदाहरणाला घेऊ. त्याच्या गोळ्या २.५, ५ आणि १० मिलिग्रॅम अशा मिळतात. समजा, डॉक्टरांनी २.५ लिहून दिली आहे आणि हातात दोन सारख्या वाटणाऱ्या स्ट्रिप आहेत.

पहिलं काम उजेडाचं. हे डोळस माणसाला सांगावं लागत नाही, पण आम्ही अंधाऱ्या खोलीतही तासन्‌तास आरामात वावरतो आणि मग ॲप काहीच का बोलत नाही याचा विचार करत बसतो. सीइंग एआयमध्ये उजेड ओळखणारी सोय आहे. फोन जसा उजेडाकडे वळेल तसा त्याचा सूर चढत जातो. दिवा लागला आहे की नाही, खिडकी कुठल्या बाजूला आहे, हे त्यावरून लगेच कळतं. स्ट्रिपसाठी दिवसाचा, बाजूने येणारा उजेड सगळ्यांत चांगला. फोनचा फ्लॅश बंद ठेवावा. फॉइल आरशासारखी असते, फ्लॅश तिच्यावर आपटून थेट कॅमेऱ्यात परततो आणि मधली अक्षरं त्या चकाकीत पुसली जातात. टोकाची उठावाची तारीख वाचायची असेल तेव्हा तर बाजूचाच उजेड हवा, कारण त्या उजेडात प्रत्येक अक्षराची बारीक सावली पडते आणि कॅमेरा ती सावली वाचतो.

स्ट्रिप फुगे खाली आणि सपाट बाजू वर अशी टेबलावर ठेवायची. खाली गडद रंगाचं, न चमकणारं कापड असेल तर कडा वेगळ्या दिसतात. स्ट्रिप मुडपली असेल तर अंगठ्याने हलकेच सपाट करून घ्यायची. फोनची काच सदऱ्याला पुसायची, कारण बोटांचे डाग आपल्याला दिसत नाहीत पण फोटोत धुकं आणतात. मग फोन आडवा करून स्ट्रिपवर टेकवायचा आणि सरळ वर उचलायचा, साधारण एक वीत. वीत हे माप इथे फार कामाचं आहे, कारण डाव्या हाताचा अंगठा टेबलावर आणि करंगळी फोनला लावून ते मोजता येतं. यापेक्षा फार जवळ गेलं तर बहुतेक फोनचा कॅमेरा फोकस धरत नाही, फार लांब गेलं तर तारखेची अक्षरं फोटोत मुंगीएवढी होतात. दोन्ही कोपर टेबलावर टेकलेले असावेत. फोटोसाठी स्क्रीनवर दोनदा टिचकी मारावी लागते आणि त्या टिचकीनेच हात हलतो. म्हणून मी दोन सारख्या उंचीच्या डब्यांवर फोन आडवा टेकवतो आणि स्ट्रिप त्यांच्या मधल्या फटीखाली सरकवतो.

वाचनाचे दोन प्रकार ॲपमध्ये असतात. एकात कॅमेऱ्यासमोर अक्षर आलं की लगेच बोललं जातं. दुसऱ्यात आधी पूर्ण फोटो निघतो आणि मग मजकूर ओळीने वाचला जातो. पहिला प्रकार शोधासाठी चांगला. स्ट्रिप उलटी आहे का, अक्षरं या बाजूला आहेत का, हे पाच सेकंदांत कळतं. पण त्यातून येतात ते तुकडे, आणि तुकड्यांवर विसंबून गोळी गिळू नये. खरं वाचन दुसऱ्या प्रकारानेच करावं, कारण त्यातला मजकूर फोनवर उरतो आणि पुन्हा तपासता येतो.

फोटो काढल्यावर ऐकू येतं ते साधारण असं: ‘ॲम्लोडिपिन टॅब्लेट्स आयपी २.५ एमजी’, मग ‘प्रत्येक गोळीत ॲम्लोडिपिन बेसिलेट, ॲम्लोडिपिन २.५ एमजीइतकं’, मग साठवणुकीचं तापमान, मग डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये ही सूचना, आणि मग तेच सगळं पुन्हा. सुरुवातीला या पुनरावृत्तीचा कंटाळा येतो. पण ती आपली सगळ्यांत मोठी सोबतीण आहे. ताकद स्ट्रिपवर दोन वेगळ्या जागी लिहिलेली असते, एकदा नावाशेजारी आणि एकदा घटकांच्या ओळीत, आणि ही जोडी फॉइलवर अनेकदा येते. ॲपने चार ठिकाणी २.५ वाचलं आणि एका ठिकाणी २५, तर चूक कुठे झाली ते उघड आहे. एकाच ठिकाणी वाचलं आणि तेही २५, तर फोटो पुन्हा काढायचा.

दशांशचिन्ह हा या सगळ्या प्रकारातला सर्वांत धोक्याचा ठिपका. तो दोन ठिकाणी हरवू शकतो. कॅमेऱ्याला तो दिसलाच नाही तर मजकुरातच २५ येतं. आणि मजकुरात तो नीट आला, पण २ आणि ५ यांच्यामध्ये एखादी मोकळी जागा घुसली, तर आवाज ‘दोन, पाच’ असं म्हणून पुढे निघून जातो, आणि घाईत आपण पंचवीस ऐकतो. म्हणून आकडा नेहमी अक्षर-अक्षर करून ऐकावा. टॉकबॅकमध्ये वाचनाचं एकक ‘अक्षरे’ असं निवडून एका बोटाने खाली सरकत गेलं की दोन, बिंदू, पाच असं सुटं सुटं ऐकू येतं. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांचंही तसंच. थायरॉइडच्या गोळ्या मायक्रोग्रॅममध्ये असतात, आणि ‘एमजी’ व ‘एमसीजी’ यांत एकाच अक्षराचा फरक आहे. आणखी एक सोपी पडताळणी म्हणजे आपलं औषध कोणकोणत्या ताकदीत मिळतं, हे डॉक्टरांना किंवा केमिस्टला एकदा विचारून लक्षात ठेवणं. ॲम्लोडिपिन २५ मिलिग्रॅमची गोळी बाजारात नसते हे ज्याला माहीत आहे, तो ॲपची ही चूक ऐकताक्षणी पकडतो.

नावाच्या शेपटाकडेही कान ठेवावा लागतो. आपल्याकडे एकाच नावापुढे एटी, एच, एम, एसआर, फोर्ट, प्लस असं काहीतरी लागतं आणि त्याने औषध बदलतं. नुसतं टेल्मिसार्टन वेगळं, आणि त्यापुढे एच लागलं तर त्यात लघवी वाढवणारं दुसरं औषध मिसळलेलं असतं. हे शेपूट पुष्कळदा वेगळ्या रंगात आणि लहान अक्षरात असल्यामुळे ॲप ते गाळतं किंवा दोन ओळी पुढे कुठेतरी एकटंच वाचतं. घटकांची ओळ ऐकली की शंका मिटते. तिथे एक औषध असेल तर एक नाव येईल, दोन असतील तर दोन. २०१८ पासून आपल्याकडे एक-दोन घटकांच्या औषधांवर मूळ औषधाचं नाव ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात छापण्याचा नियम आहे. तो केला गेला तो स्वस्त औषधं ओळखता यावीत म्हणून, पण कॅमेऱ्याने वाचणाऱ्यांनाही त्याचा उपयोग झाला.

आता टोकावरची तारीख. तिथे सहसा चार गोष्टी एकाखाली एक असतात आणि ॲप पुष्कळदा आधी शब्द वाचतं आणि मग आकडे, त्यामुळे कुठला आकडा कशाचा ते कळत नाही. दोन तारखा ऐकू आल्या तर नंतरची ती मुदतीची, हे सरळ आहे. त्याहून उपयोगाची गोष्ट अशी की आपल्याकडे मुदतीचा महिना पुष्कळदा उत्पादनाच्या महिन्याच्या एक आधीचा असतो. एप्रिल २०२५ मध्ये बनलेल्या आणि दोन वर्षं टिकणाऱ्या गोळीवर मुदत मार्च २०२७ अशी येते. ३ आणि ८, ५ आणि ६ या आकड्यांची कॅमेऱ्याकडून नेहमी गल्लत होते. उत्पादन एप्रिल आणि मुदत ऑगस्ट असं ऐकू आलं, तर ते ०३ चं ०८ झालं असण्याची शक्यता आधी तपासावी. आणि महिना बरोबर कळला की लक्षात ठेवावं, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं.

इथवर सांगितलं ते अक्षरं ओळखणाऱ्या ॲपबद्दल. फोटोचं वर्णन करणारी नवी ॲप वेगळ्या जातीची आहेत, आणि दोन्हींतला फरक न समजता ती वापरणं हा मला आज सगळ्यांत मोठा धोका वाटतो. अक्षरं ओळखणारं ॲप चुकलं की चूक ऐकू येते. ‘ॲम्लो’ऐवजी ‘ॲमIo7’ असं काहीतरी अर्थहीन कानावर पडतं आणि आपण सावध होतो. वर्णन करणारं ॲप चुकलं तरी वाक्य घडीव आणि शुद्धच येतं. त्याला नावाची पहिली चार अक्षरं दिसली आणि पुढची चकाकीत गेली, तर ते नाव पुरं करून टाकतं, कारण अशा अक्षरांपुढे सहसा काय येतं हे त्याला माहीत असतं. ते सहसा येणारं नाव आणि आपल्या हातातलं नाव एकच असेल याची खात्री नसते. न दिसलेली तारीखही ते कधी कधी तितक्याच ठामपणे सांगतं.

याचा अर्थ ते वापरू नये असा नाही. टेबलावर काय काय पडलंय, स्ट्रिप कुठल्या बाजूने आहे, तारखेचं टोक फोटोत आलंय का, उजव्या कोपऱ्यात चकाकी आहे का, हे ते फार छान सांगतं, आणि त्यावरून फोटो सुधारता येतो. त्याला विचारतानाही प्रश्न नेमका ठेवावा. ‘ही गोळी कशाची आहे’ असं विचारलं की ते आपल्या माहितीवरून बोलतं. ‘छापलेलं आहे तेवढंच जसंच्या तसं वाच, जे दिसत नाही तिथे दिसत नाही म्हण’ असं सांगितलं की अंदाज कमी होतात, संपत मात्र नाहीत. नाव, ताकद आणि तारीख या तिन्हींसाठी अखेरचा शब्द अक्षरं ओळखणाऱ्या ॲपचा, आणि दोन वेळच्या वाचनात फरक पडला तर माणसाचा. घरच्या कुणाला व्हिडिओ कॉल करावा, बी माय आईजवरच्या स्वयंसेवकाला विचारावं किंवा सरळ दुकानात जावं. तोवर गोळी घेऊ नये.

चिठ्ठ्या आणि खाण्याच्या पाकिटांबद्दल थोडक्यात सांगतो. छापील कागद ॲप उत्तम वाचतात, हस्ताक्षर डळमळीत, आणि मराठी हस्ताक्षर त्याहून. डॉक्टरांच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी ॲपकडून वाचून औषध ठरवणं धोक्याचं आहे. २०१६ पासून डॉक्टरांनी औषधाचं नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं असा नियम आहे. त्याचा आधार घेऊन दवाखान्यातच तसं लिहून मागावं, किंवा डोस आपल्याच फोनवर आवाजात रेकॉर्ड करून घ्यावा. पाकिटावरची तारीख सुट्या ठिपक्यांच्या अक्षरांत फवारलेली असते आणि पाकीट चुरगळलेलं असतं, त्यामुळे ते ताणून धरूनही अनेकदा वाचता येत नाही. ॲपला मराठी मजकूर वाचायला लावताना भाषेचा आवाजही बदलावा लागतो. मराठी आवाज इंग्रजी औषधाचं नाव ओळखू येणार नाही असं वाचतो, म्हणून स्ट्रिपसाठी भारतीय इंग्रजी आवाज ठेवलेला बरा. फोटो बाहेर कुठे जातो का, हे कळायला फोन विमान मोडवर टाकून पाहावं. तरीही वाचलं, तर काम फोनमध्येच होतंय. बँकेचं पत्र किंवा तपासणीचा रिपोर्ट असेल तेव्हा हे माहीत असलेलं चांगलं.

एवढी सगळी खटपट रोज रात्री झोपताना करायची नसते, आणि करूही नये. दमलेल्या माणसाने बल्बच्या उजेडात घाईत घेतलेलं वाचन सर्वांत वाईट निघतं. स्ट्रिप घरात आली त्याच दिवशी, उजेडात, ती पूर्ण असताना एकदाच नीट वाचावी आणि लगेच हाताला कळेल अशी खूण करावी. सकाळच्या गोळीला एक रबरबँड, रात्रीच्या गोळीला दोन. ब्रेल येत असेल तर चिकटपट्टीवर दोन अक्षरं. गोळ्या नेहमी तारखेच्या विरुद्ध टोकापासून काढाव्यात, म्हणजे शेवटची गोळी उरेपर्यंत तारीख शाबूत राहते. फोनचं काम दाराशी पाहुणा ओळखण्याचं आहे. घरात आल्यावर त्याला बोटांनी ओळखता आलं पाहिजे.

पडताळणीचा आणखी एक रस्ता आहे आणि त्याला कॅमेराच लागत नाही. केमिस्टच्या संगणकावरच्या बिलात औषधाचं नाव, बॅच नंबर आणि बहुतेक वेळा मुदतही असते. ते बिल व्हॉट्सॲपवर पीडीएफ म्हणून मिळालं तर स्क्रीन रीडर ते थेट वाचतो, अक्षर ओळखण्याची भानगडच उरत नाही. स्ट्रिपवरचा बॅच नंबर आणि बिलावरचा बॅच नंबर जुळला की बिलावरची तारीख आपली. १ ऑगस्ट २०२३ पासून तयार होणाऱ्या ठरावीक ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे. त्यात मूळ नाव, ब्रँड, बॅच, उत्पादन आणि मुदत अशी सगळी माहिती असते आणि फोनला तो वाकड्या फॉइलवरच्या अक्षरांपेक्षा सहज वाचता येतो. पण स्ट्रिपवर जागा नसेल तर तो बाहेरच्या खोक्यावर छापायची मुभा आहे, आणि खोकं दुकानातच राहतं.

म्हणून केमिस्ट मंडळींना माझी विनंती आहे. अंध गिऱ्हाईक आलं तर चार गोळ्या कापून देताना तारखेचं टोक त्याच्या तुकड्याला राहू द्या. खोक्यावर क्यूआर कोड असेल तर तो तिथेच त्याच्या फोनने वाचू द्या. आणि बिल कागदावर देण्याऐवजी त्याच्या फोनवर पाठवा.